चिठ्ठ्या तेवढ्याच, मग चिक्की गेली कुठं? नोटा छापून खर्च भागवला की महागाई का वाढते



गणिताच्या तासाला 'नाणी व नोटा' हा घटक चालू असला की एक प्रश्न दरवर्षी येतोच. यंदा चौथीतल्या एका मुलीने विचारला. "मॅडम, नोटा सरकारच छापतं ना? मग जास्त छापून सगळ्यांना का वाटत नाही?" आपण साधारणपणे "असं केलं तर महागाई वाढते" असं म्हणून पुढच्या उदाहरणाकडे वळतो. मीही आधी तसंच करायचे. पण ते उत्तर नाही, तो फक्त शेवट आहे. मधल्या पायऱ्या आपण सांगतच नाही. खरं म्हणजे त्या पायऱ्या आपल्यापैकी बऱ्याच जणांना डीएडला कुणी शिकवलेल्याही नसतात. म्हणून हा लेख.

आधी चिक्कीचा खेळ

वर्गात वीस मुलं होती. मी प्रत्येकाला पुठ्ठ्याच्या चार-चार चिठ्ठ्या दिल्या, म्हणजे एकूण 80 चिठ्ठ्या. टेबलावर गुळाच्या 40 चिक्क्या ठेवल्या. सांगितलं की चिक्की फक्त चिठ्ठ्या देऊनच मिळेल आणि उरलेली चिठ्ठी उद्या चालणार नाही. थोडी घासाघीस झाली आणि भाव एका चिक्कीला दोन चिठ्ठ्यांवर येऊन थांबला. 80 चिठ्ठ्या, 40 चिक्क्या, म्हणून दोन. प्रत्येकाला दोन-दोन चिक्क्या मिळाल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. वीस मुलं, प्रत्येकी चार चिठ्ठ्या, 40 चिक्क्या. फरक एवढाच की या वेळी मी स्वतःसाठी घरून आणखी 80 चिठ्ठ्या कापून आणल्या होत्या आणि मीही बोली लावायला बसले. आता बाजारात 160 चिठ्ठ्या आणि चिक्क्या मात्र 40च. भाव चढत चढत चार चिठ्ठ्यांवर गेला. प्रत्येक मुलाला एकच चिक्की मिळाली. माझ्याकडे 20 चिक्क्या आल्या. त्या मी शेजारच्या अंगणवाडीतल्या पोरांना वाटल्या.

तेवढ्यात एक मुलगा उभा राहिला. "मॅडम, माझ्या चिठ्ठ्या तर चारच्या चारच होत्या. तुम्ही माझ्याकडून एकही घेतली नाही. मग माझी एक चिक्की गेली कुठं?"

वाचकहो, सगळा धडा या प्रश्नात आहे. मी कुणाच्या खिशात हात घातला नाही, कुणाकडून वर्गणी मागितली नाही, तरी प्रत्येकाची एक चिक्की माझ्याकडे आली. मुलांच्या हातातली चिठ्ठी तीच राहिली, तिची ताकद निम्मी झाली. गेलेली ताकद माझ्या नव्या चिठ्ठ्यांमध्ये आली. पुठ्ठा कापून मी एकही चिक्की तयार केली नव्हती. असलेल्या चिक्क्यांची फक्त नवी वाटणी केली.

अंगणवाडीतल्या मुलांना खाऊ देणं हे काम चांगलंच होतं. पण काम चांगलं की वाईट हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे पैसे कुणी भरले हा वेगळा. मी "प्रत्येकाने एक चिक्की द्या" असं सरळ म्हटलं असतं तर मुलांनी वाद घातला असता, काहींनी नाही म्हटलं असतं. चिठ्ठ्या कापल्यामुळे विचारायची वेळच आली नाही.

दोन शब्द

अर्थशास्त्रात यासाठी दोन नावं आहेत. पैसा तयार करण्याच्या अधिकारातून जो फायदा मिळतो त्याला 'सेन्योरेज' म्हणतात. आपण त्याला टांकसाळीचा नफा म्हणू. माझ्या 80 चिठ्ठ्यांमधून मला मिळालेल्या 20 चिक्क्या हा माझा टांकसाळीचा नफा. भाव वाढल्यामुळे चिठ्ठ्या बाळगणाऱ्यांचं जे नुकसान होतं त्याला 'चलनवाढीचा कर' म्हणतात. मुलांच्या गेलेल्या 20 चिक्क्या हा तो कर. या खेळात दोन्ही आकडे सारखे आले, कारण चिक्क्या वाढल्या नव्हत्या.

समजा तिसऱ्या दिवशी मी 60 चिक्क्या आणल्या असत्या आणि जास्तीच्या 40 चिठ्ठ्या कापल्या असत्या, तर? 120 चिठ्ठ्या, 60 चिक्क्या, भाव दोनच. मला 20 चिक्क्या मिळाल्या असत्या आणि मुलांच्या दोन-दोन कायम राहिल्या असत्या. म्हणजे नव्या नोटा छापल्या की महागाई होतेच असं नाही. देशात माल, कामधंदा, देवघेव वाढत असेल तर त्या वाढीला पुरेल एवढा नवा पैसा लागतोच, आणि तेवढा टांकसाळीचा नफा कुणालाही न दुखावता मिळतो. दुखायला लागतं ते मालापेक्षा नोटा पुढे धावल्या की.

आपल्या आजी-आजोबांच्या काळातली गोष्ट

हा खेळ आपल्या देशात खराखुरा झाला आहे. तो काळ दुसऱ्या महायुद्धाचा, 1939 ते 1945.

युद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातून प्रचंड खरेदी सुरू केली. सैन्यासाठी कापड, तंबू, धान्य, लाकूड, दारूगोळा. त्याशिवाय जवानांचे पगार. 1939च्या नोव्हेंबरात असा करार झाला की देशाच्या नेहमीच्या संरक्षणाचा आणि स्थानिक बचावाचा खर्च हिंदुस्थान सरकारने करायचा आणि बाकीचा ब्रिटनने. ऐकायला हे ठीक वाटतं. पण ब्रिटनने आपला वाटा दिला कसा? लंडनमध्ये, पौंडांमध्ये, रिझर्व्ह बँकेच्या नावावर जमा करून. ते पौंड बहुतांशी ब्रिटिश सरकारच्या रोख्यांत होते, म्हणजे सोप्या भाषेत 'नंतर देतो' असं लिहिलेले कागद.

इथल्या गिरणीवाल्याला, शेतकऱ्याला, जवानाला मात्र रुपयेच द्यावे लागणार. ते कुठून आले? रिझर्व्ह बँकेच्या 1934च्या कायद्यात नोटांच्या मागे सोन्याबरोबर पौंडांचे रोखेही तारण म्हणून चालत होते. त्यामुळे लंडनमध्ये जेवढे कागद जमा होतील तेवढ्या नोटा इथे काढायला कायद्याची आडकाठी नव्हती. नाशिक रोडचा नोटांचा छापखाना 1928पासून चालू होताच.

युद्धाच्या सुरुवातीला देशात सुमारे 180 कोटी रुपयांच्या नोटा फिरत होत्या. 1945मध्ये तो आकडा 1,100 कोटींच्या वर गेला. म्हणजे सहा पट. माल मात्र वाढला नाही, उलट बाजारातला कमी झाला, कारण मोठा हिस्सा सैन्याकडे जात होता. परदेशातून माल आणावा तर जहाजं युद्धात गुंतलेली. लंडनमधल्या पौंडांवर त्या वेळी फारसं काही विकत घेता येत नव्हतं. माझ्या टेबलावरच्या चिक्क्या कमी होत चालल्या होत्या आणि चिठ्ठ्या मात्र रोज कापल्या जात होत्या, असं समजा.

घाऊक भाव युद्धकाळात अडीच पटीच्या जवळ गेले. सरकारी निर्देशांकातला हा आकडा आहे. काळ्या बाजारातले भाव त्यात येत नाहीत.

इथे जागरूक वाचक विचारेल, नोटा सहा पट झाल्या तर भाव सहा पट का नाही? प्रश्न बरोबर आहे. चिक्कीच्या खेळात सगळ्यांनी सगळ्या चिठ्ठ्या त्याच दिवशी खर्च केल्या. खऱ्या आयुष्यात लोक नोटा गाठीला बांधून ठेवतात. युद्धात कामं वाढली, रोख मजुरी वाढली, आधी धान्यावर व्यवहार करणारे लोकही रोखीत आले. शिवाय सरकारने भावांवर नियंत्रण आणलं आणि 1943मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं. खरेदी करायला मालच नसेल तर पैसा पेटीत पडून राहतो. म्हणून नोटा आणि भाव यांचं प्रमाण पाढ्यासारखं नेमकं जुळत नाही. दिशा मात्र तीच राहते.

रुपयातली चांदी

याच काळात जुन्या पद्धतीचा टांकसाळीचा नफाही झाला, आणि तो मुलांना सांगायला अगदी सोपा आहे.

तोपर्यंत रुपया म्हणजे एक तोळा वजनाचं चांदीचं नाणं. बारा भागांतले अकरा भाग शुद्ध चांदी. 1940मध्ये सरकारने ते प्रमाण निम्म्यावर आणलं. नाणं रुपयाचंच, आकार तोच, पण जवळजवळ तेवढ्याच चांदीत आता पावणेदोन पटीहून जास्त नाणी पडू लागली. जास्तीची नाणी म्हणजे टांकसाळीचा नफा. लोक काही भोळे नव्हते. जुने, जास्त चांदीचे रुपये त्यांनी दडवून ठेवले आणि नवे बाजारात चालवले. सुट्ट्या रुपयांची टंचाई झाली म्हणून सरकारला त्याच वर्षी एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली. 1943मध्ये तांब्याचा पैसाही आटला, मधे भोक असलेला छोटा पैसा आला. तुमच्या घरी आजीच्या पेटीत भोकाचा पैसा असेल तर मुलांना जरूर दाखवा. धातू वाचवण्यासाठी पाडलेलं ते भोक म्हणजे युद्धाच्या हिशोबाची खूण आहे.

कर कुणी भरला?

समजा एका मजुराच्या घरी 1939मध्ये 100 रुपये साठवलेले होते. भाव अडीच पट झाल्यावर त्याच 100 रुपयांत पूर्वीच्या 40 रुपयांएवढंच सामान येऊ लागलं. साठ रुपयांचं सामान गेलं. पावती नाही, तलाठी दारात नाही, कायदेमंडळात चर्चा नाही. पण कर भरला गेला.

हा कर सगळ्यांवर सारखा बसत नाही. ज्याची संपत्ती जमीन, सोनं, गोदामातला माल अशी होती त्याच्या मालाचे भाव वाढले, तो वाचला किंवा वर आला. ज्याने कर्ज घेतलेलं होतं त्याला फेडणं हलकं झालं, कारण फेडायचा रुपया हलका झाला होता. (म्हणूनच मोठ्या कर्जदाराला, म्हणजे सरकारला, चलनवाढ मनातून फारशी नकोशी नसते.) मारला गेला तो रोखीत बचत ठेवणारा, ठरलेल्या पगारावर जगणारा आणि ज्याची मजुरी भावांच्या मागून लंगडत येते तो.

नवा पैसा पहिल्यांदा कुणाच्या हातात पडतो यालाही महत्त्व आहे. युद्धाच्या कंत्राटांचा, कारखान्यांचा आणि लष्करी कामांचा पैसा ज्यांना आधी मिळाला त्यांनी जुन्या भावात माल उचलला. खेड्यातल्या शेतमजुरापर्यंत तो पैसा पोचला नाही, वाढलेला भाव मात्र पोचला. 1943च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली. त्याला अनेक कारणं होती, पण युद्धखर्चामुळे तांदळाचा भाव खेड्यातल्या मजुराच्या आवाक्याबाहेर गेला हे एक मोठं कारण अमर्त्य सेन यांनी पुढे 1981च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिलं.

त्या वेळी हे कुणाला कळत नव्हतं असं नाही. आपल्याच पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ आणि नी. वि. सोवनी यांनी 1943मध्ये युद्धकाळातल्या आर्थिक धोरणावर पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाचे सी. एन. वकील यांचं घसरत्या रुपयावरचं पुस्तक आलं. युद्धाचा खर्च करायचाच असेल तर तो कर आणि लोकांकडून कर्ज घेऊन करा, म्हणजे कोण किती भरतो हे तरी ठरवता येईल, असा त्या काळच्या अर्थशास्त्रज्ञांचा सांगावा होता.

स्वातंत्र्यानंतर तेच यंत्र, दुसऱ्या कामासाठी

युद्धाच्या त्या वर्षांत, 1943मध्ये, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले चिंतामणराव देशमुख, आपल्या रायगडचे. पुढे 1950 ते 1956 ते देशाचे अर्थमंत्री होते. त्यांच्याच काळात, 1955मध्ये, सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यात एक साधी वाटणारी व्यवस्था ठरली.

सरकारचं खातं रिझर्व्ह बँकेत असतं. पगार, पूल, धरणं, सैन्य, सगळा खर्च त्यातून जातो. ठरलं असं की शुक्रवारी संध्याकाळी त्या खात्यात निदान 50 कोटी रुपये असलेच पाहिजेत आणि इतर दिवशी निदान 4 कोटी. शिल्लक त्याखाली गेली तर सरकारने 91 दिवसांची एक खास हुंडी काढायची, ती रिझर्व्ह बँकेने घ्यायची आणि खात्यात तेवढे रुपये जमा करायचे. या हुंड्यांना 'अॅड हॉक ट्रेझरी बिलं' म्हणत.

ते रुपये कुठून यायचे? कुणाच्या बचतीतून नाही. रिझर्व्ह बँक वहीत आकडा लिहायची आणि पैसा तयार व्हायचा. नोटा छापणं म्हणतात ते असं असतं. छापखाना नंतर चालतो, लोकांनी रोख मागितली की. आधी चालते ती लेखणी.

हा उपाय दोन-चार दिवसांच्या ओढाताणीसाठी होता. आपण नाही का, पगार व्हायला चार दिवस असले की दुकानदाराला "लिहून ठेवा" म्हणतो, तसं. अडचण अशी झाली की 91 दिवस संपले की जुनी हुंडी फेडायला नवी हुंडी निघायची. वहीवरची उधारी कधी मिटलीच नाही, फक्त पान उलटत गेलं. रिझर्व्ह बँकेला नाही म्हणायची सोय नव्हती, कारण व्यवस्था आपोआप चालणारी होती. कुणी "या वर्षी इतकेच" असा आकडाही घातलेला नव्हता. 1974पासून तर या हुंड्यांवरचं व्याज 4.6 टक्क्यांवर गोठवलेलं होतं, बाहेर महागाई त्याच्या दुप्पट असली तरी.

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत तर 4,800 कोटींच्या खर्चापैकी 1,200 कोटी 'तुटीच्या अर्थभरण्यातून', म्हणजे बहुतांशी अशा नव्या पैशातून, उभे करायचं उघड ठरलं होतं. बी. आर. शेणॉय या अर्थशास्त्रज्ञांनी 1955मध्येच वेगळं मत नोंदवून धोका सांगितला होता. बाकीच्यांचं म्हणणं असं की धरणं आणि कारखाने झाले की माल वाढेल आणि हिशोब जुळेल. या म्हणण्यातही तथ्य होतं, 60 चिक्क्यांचं उदाहरण आठवा. पण धरण बांधायला दहा वर्षं लागतात आणि मजुराच्या हातातला रुपया त्याच आठवड्यात ज्वारी घ्यायला जातो. या दोन्हींच्या मधल्या काळात भाव चढतो.

अखेर सप्टेंबर 1994मध्ये अर्थमंत्री मनमोहन सिंग आणि गव्हर्नर सी. रंगराजन यांच्या काळात सरकार व रिझर्व्ह बँकेत करार झाला की तीन वर्षांत या हुंड्या टप्प्याटप्प्याने बंद करायच्या. 1 एप्रिल 1997पासून त्या बंद झाल्या. त्यांच्या जागी ठरावीक मर्यादेची, थोड्या दिवसांची, फेडावीच लागणारी उचल आली. पुढे 2003च्या वित्तीय जबाबदारी कायद्याने आणखी एक दार लावलं. एप्रिल 2006पासून, कायद्यात सांगितलेले अपवाद सोडले तर, सरकारचे नवे रोखे रिझर्व्ह बँक थेट सरकारकडून घेऊ शकत नाही. सरकारला बाजारात जाऊन बँका, विमा कंपन्या, लोक यांच्याकडून बाजारभावाच्या व्याजाने कर्ज घ्यावं लागतं. तो पैसा आधीच कुणाचा तरी असतो, नवा नसतो. फरक तो आहे.

रिझर्व्ह बँक आजही बाजारातून सरकारी रोखे विकत घेते आणि विकते, आणि घेताना नवा पैसा तयार होतोच. पण किती आणि केव्हा हे महागाईकडे बघून तिने ठरवायचं असतं, सरकारच्या खात्यात शुक्रवारी किती शिल्लक आहे यावरून नाही.

आज टांकसाळीचा नफा कुठे दिसतो?

तो संपलेला नाही. 500 रुपयांची नोट छापायला दोन-तीन रुपयांच्या आसपास खर्च येतो. तुमच्या खिशातल्या नोटेवर रिझर्व्ह बँक तुम्हाला व्याज देत नाही. त्या नोटांच्या बदल्यात तिच्याकडे जे सरकारी रोखे आणि परदेशी चलन असतं, त्यावर मात्र तिला व्याज मिळतं. इतर उलाढालीतूनही कमाई होते. खर्च आणि राखीव निधी वजा करून उरलेली रक्कम ती दरवर्षी केंद्र सरकारला देते. 2023-24 सालासाठी ही रक्कम सुमारे 2.11 लाख कोटी रुपये होती. बातमीत 'रिझर्व्ह बँकेचा लाभांश' असं येतं तेव्हा त्यात टांकसाळीच्या नफ्याचा भाग असतो हे लक्षात ठेवा.

आणि चलनवाढीचा करही चालू आहे. घरात डब्यात 10,000 रुपये ठेवले आणि वर्षभरात महागाई 6 टक्के झाली, तर तेच सामान आणायला 10,600 लागतील. डब्यातली नोट उंदराने कुरतडली नाही, तरी जवळपास साडेपाचशे रुपयांचं सामान गेलं.

मग प्रत्येक महागाई नोटांमुळेच का?

नाही, आणि हे मुलांना सांगितलंच पाहिजे. नाहीतर शिरूरच्या बाजारात कांदा चढला की पोरं म्हणतील सरकारने नोटा छापल्या.

पाऊस लांबला, कांदा सडला, कांद्याचा भाव तिप्पट झाला, तर तो मालाचा तुटवडा आहे. घरात कांद्याला जास्त पैसे गेले की दुसऱ्या कशाला तरी कमी उरतात. नवं पीक आलं की भाव खाली येतो. नोटांमुळे होणाऱ्या महागाईची खूण वेगळी आहे. त्यात कांदा, कापड, न्हाव्याचे पैसे, घरभाडं, बैलजोडी, सगळंच मागेपुढे वर चढतं आणि परत खाली येत नाही. जोडीला, नोटांची आणि बँकांतल्या पैशाची वाढ देशातल्या मालापेक्षा वर्षानुवर्षं जास्त वेगाने चाललेली दिसते.

बहुतेक वेळा दोन्ही मिसळलेलं असतं. 1972च्या दुष्काळानंतर 1973-74 आणि 1974-75मध्ये देशात घाऊक महागाई 20 टक्के आणि त्याहून वर गेली. त्यात दुष्काळ होता, बांगलादेश युद्धाचा खर्च होता, 1973च्या अखेरीस तेलाचे भाव भडकले होते आणि नवा पैसाही होता. एकाच कारणाकडे बोट दाखवता येत नाही.

हा कर वाढवत नेला तर?

खेळ मी चौथ्या दिवशीही केला. मुलं आता शहाणी झाली होती. चिठ्ठ्या हातात पडताच, मी बोली लावायच्या आत, त्यांनी आपसात पेन्सिली आणि खोडरबर घेऊन चिठ्ठ्या खपवायला सुरुवात केली. चिठ्ठी जवळ ठेवायला कुणी तयार होईना. माझ्या 80 चिठ्ठ्यांना मग परवाएवढ्या चिक्क्या मिळाल्या नाहीत, कारण वर्गातली मुलं चिठ्ठ्यांपासून पळायला लागली होती.

मोठ्या माणसांचंही असंच होतं. हा कर नोटा बाळगणाऱ्यांवर असतो, त्यामुळे तो वाढला की लोक नोटा बाळगायचं सोडतात. मग तेवढाच खर्च भागवायला सरकारला आणखी नोटा छापाव्या लागतात आणि भाव आणखी पळतात. 1923च्या नोव्हेंबरात जर्मनीत एका डॉलरला 4.2 लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. 2008-09च्या सुमारास झिम्बाब्वेत 100 लाख कोटींची एकच नोट निघाली आणि लोक शेवटी परदेशी चलनच वापरू लागले. आपल्याकडे एवढी वेळ कधी आली नाही. आली असती तर करातून मिळायचंच काही उरलं नसतं.

वर्गात घेणार असाल तर

खेळ दोन वेगवेगळ्या दिवशी घ्या, एकाच दिवशी नको. पहिल्या दिवशीचा भाव फळ्यावर लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी तुमच्या जास्तीच्या चिठ्ठ्या मुलांना आधी दाखवू नका, बोली सुरू झाल्यावरच काढा. भाव अगदी चारवरच थांबेल असं नाही, कुणी तीनला नेईल, कुणी पाचला. त्यावर रागावू नका, सरासरी काढायला लावा, तेवढंच गणित होतं. आणि "माझी चिक्की कुठे गेली" हा प्रश्न मुलांकडूनच येऊ द्या, आपण सांगायची घाई करू नका.

माझ्या वर्गातल्या त्या मुलीला तिचं उत्तर मिळालं. खेळ संपल्यावर तीच म्हणाली, "म्हणजे मॅडम, सगळ्यांना नोटा वाटल्या तरी चिक्क्या तेवढ्याच." थोडं थांबून पुढे म्हणाली, "आणि सगळ्यांना न वाटता एकट्यानेच ठेवल्या, तर आमच्या चिक्क्या त्याच्याकडे."